लक्ष होते, म्हणूनच दिसले नाही

"तुझं लक्ष कुठं होतं?" हा प्रश्न आम्ही शिक्षक वर्गात विचारतो आणि घराघरांतही तो रोज ऐकू येतो. चुलीवरचे दूध उतू गेले की सुनेला, अम्मीची हाक ऐकली नाही की मुलाला. पण काही वेळा लक्ष पुरेपूर असते आणि त्यामुळेच समोरची गोष्ट दिसत नाही.

अमेरिकेतील बोस्टनमध्ये ट्रॅफ्टन ड्रू, जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 24 रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांवर एक प्रयोग केला. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसांचे सीटी स्कॅन पाहून त्यांतल्या बारीक गाठी शोधायच्या, एवढेच काम डॉक्टरांना दिले होते. शेवटच्या स्कॅनमध्ये मात्र संशोधकांनी गोरिलाचे चित्र घातले होते. सरासरी गाठीपेक्षा ते 48 पट मोठे होते. तरीही 24 पैकी 20 डॉक्टरांना ते दिसले नाही.

डॉक्टरांची नजर कुठे जाते, याची यंत्राने नोंद होत होती. त्या 20 पैकी 12 जणांची नजर थेट गोरिलावर पडली होती. म्हणजे डोळ्यांनी पाहिले, पण मनाने टिपले नाही. नंतर तेच चित्र दाखवल्यावर मात्र सर्वांना गोरिला स्वच्छ दिसला.

असे का होते, याचा धागा 1999 च्या डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्रिस यांच्या प्रयोगात सापडतो. चित्रफितीत पांढऱ्या आणि काळ्या शर्टांचे दोन संघ चेंडू फेकत होते. प्रेक्षकांनी एकाच संघाचे झेल मोजायचे होते. मध्येच काळ्या गोरिलाच्या वेषातील व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. पांढरा संघ मोजणाऱ्यांपेक्षा काळा संघ मोजणाऱ्यांना ती कितीतरी अधिक वेळा दिसली. जे शोधायचे त्यासारखेच मन आत घेते आणि बाकीचे गाळून टाकते. मन पांढऱ्या, गोल गाठींसाठी तयार असेल, तर काळा गोरिला गाळला जाणारच.

बोस्टनमध्ये तोच स्कॅन डॉक्टर नसलेल्या 25 जणांनाही दाखवला होता. त्यांच्यापैकी एकालाही गोरिला दिसला नाही. म्हणजे हा दोष शिकलेल्यांचा नाही आणि अडाण्यांचाही नाही.

म्हणून उत्तरपत्रिका तपासताना आम्ही दोन फेऱ्या करतो. पहिल्या फेरीत उत्तरे तपासतो. दुसऱ्या फेरीत गुण न देता फक्त पाने उलटतो आणि एखादे पान, एखादा प्रश्न राहून गेला का, एवढेच पाहतो. घरीही तेच लागू पडते. मुलाला गणित शिकवणाऱ्या आईवर दुधाची राखण सोपवू नये. ती दुसऱ्या कुणाकडे द्यावी. आणि दूध उतू गेलेच, तर "लक्ष कुठं होतं?" विचारण्याआधी ते कशावर होते, हे पाहावे.