पावा

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर माझं नवं नाव लिहिलं. माहेरची मी पाटील, सासरची वाघ. कविता टाकायला अकाउंट उघडलं आणि आधी patil_wagh लिहिलं. म्हणजे दोन्ही घरांच्या दारांवरच्या पाट्याच! मग दोन्हींचं पहिलं अक्षर घेतलं: पावा. म्हणजे बासरी. नुसतं pava आधीच कुणीतरी घेतलेलं. जन्मसाल जोडलं तर वय कळणार, म्हणून pava_vajto.

तिसऱ्याच दिवशी नणंद म्हणाली, "वहिनी, हे पावा कोण गं? मला सारखं सुचवतंय."

नाव झाकलं होतं, पण नंबर तोच दिलेला; तिच्या कॉन्टॅक्टमध्ये मी होतेच.

"असेल कुणी बासरीवाली," म्हणाले.

रात्री नंबर काढला, नवा ईमेल दिला. नाव तेच ठेवलं.