‘बाबा’ शब्द अडवला आणि बाबासाहेब अडले

मागच्या हिवाळ्यात सालेकसा स्टेशनजवळ एका निवृत्त गुरुजींनी मला थांबवलं आणि सरळ विचारलं, “बेटा, माझी कमेंट काऊन उडवली? हिशोब मागितला म्हनून?”

आमच्या मंडळाचं एक छोटं संकेतस्थळ आहे. शिष्यवृत्तीची माहिती, अभ्यासिकेच्या सूचना, अधूनमधून एखादा लेख, एवढंच त्याचं स्वरूप. जयंतीच्या कार्यक्रमाचा वृत्तांत आम्ही तिथे टाकला होता. गुरुजींनी त्याखाली लिहिलं होतं की वर्गणी गोळा झाली तेव्हा पावत्या दिल्या गेल्या, पण खर्चाचा कागद कुणी बघितला नाही. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या संघटनेने पै-पैचा हिशोब लोकांपुढे ठेवला पाहिजे. टीका रास्त होती. आमचा हिशोब खरंच वहीत पडून होता.

मी शपथेवर सांगितलं की मी काही उडवलं नाही. गुरुजींनी फक्त मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यांच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.

घरी येऊन शोधलं तेव्हा चूक माझीच निघाली. दोन महिन्यांपूर्वी आमच्या लेखांखाली ‘बंगाली बाबा’च्या जाहिरातींचा सुळसुळाट झाला होता. वशीकरण, सौतनपासून सुटका, चोवीस तासांत प्रेम परत, आणि खाली फोन नंबर. शिष्यवृत्तीच्या माहितीखालीही तेच. वैतागून मी सेटिंगमध्ये गेले आणि नको असलेल्या शब्दांच्या यादीत एक शब्द टाकला: बाबा.

आमचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालतं. त्याची ही यादी अख्खा शब्द जुळवत नाही, अक्षरांची ओळ जुळवते. दिलेली अक्षरं दुसऱ्या शब्दाच्या पोटात सापडली तरी ती पकडते. ‘बाबासाहेब’ या शब्दात ‘बाबा’ आहेच. म्हणजे दोन महिने आंबेडकरी मंडळाच्या संकेतस्थळावर बाबासाहेबांचं नाव घेणारी प्रत्येक नवी प्रतिक्रिया आपोआप गायब होत होती. रोमन लिपीत baba लिहून ठेवलं असतं तरी Babasaheb असंच अडकलं असतं, कारण ही यादी लहान-मोठी अक्षरंही एकच मानते.

मग हे आम्हाला दोन महिने कळलं कसं नाही? याचं उत्तर त्या सेटिंगच्या रचनेतच आहे, आणि पान चालवणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं. Settings मधल्या Discussion या पानावर शब्दांच्या दोन पेट्या आहेत. दिसायला सारख्या, कामाने अगदी वेगळ्या.

पहिल्या पेटीचं नाव Comment Moderation. त्यातला शब्द आला की प्रतिक्रिया थांबते, आपल्याला तशी मेल येऊ शकते, आणि लिहिणाऱ्याला त्याच्या पडद्यावर ‘तपासणी बाकी आहे’ असा निरोप दिसतो. दुसरीचं नाव Disallowed Comment Keys. त्यातला शब्द आला की प्रतिक्रिया थेट कचरापेटीत जाते. आपल्याला मेल नाही, लिहिणाऱ्याला निरोप नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये कचरापेटीतला माल तीस दिवसांनी कायमचा पुसलाही जातो. मी ‘बाबा’ या दुसऱ्या पेटीत टाकला होता.

त्यात आणखी एक मेख आहे. संकेतस्थळ चालवणारा माणूस आपल्या खात्यातून आत असेल तर या याद्या त्याला लागूच होत नाहीत. मी स्वतः ‘बाबासाहेब’ लिहून कितीदा उत्तरं दिली, ती सगळी दिसली. दार माझ्यासाठी उघडं होतं, म्हणून ते सगळ्यांसाठी उघडं आहे असं मी धरून चालले. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईला हे वेगळं शिकवायला नको होतं.

कचरापेटीत त्या दिवशी अकरा प्रतिक्रिया सापडल्या. चार जाहिराती, सात माणसांच्या. गुरुजींची त्यातच होती, म्हणून वाचली. त्याआधीच्या महिन्यात कोणाचं काय पुसलं गेलं, ते आता कधीच कळणार नाही.

मंडळाच्या बैठकीत दोन मतं पडली. एक म्हणाला, सगळं गाळणं बंद करा. दुसरा म्हणाला, प्रतिक्रियाच बंद करा. दोन्ही मला चुकीची वाटली. गाळलं नाही तर बारावीची मुलगी शिष्यवृत्तीची तारीख शोधायला येते आणि तिला वशीकरणाचा नंबर मिळतो. आणि प्रतिक्रिया बंद केल्या तर गुरुजींचा प्रश्न चौकात जातो, जिथे त्याचं उत्तर नोंदवलं जात नाही.

खरा प्रश्न वेगळा होता: जाहिरात ओळखायची कशावरून? मी विषयावरून ओळखायला गेले, तिथेच फसले. जाहिरातवाला आणि टीकाकार एकाच विषयावर बोलू शकतात. ‘पाच मिनिटांत कर्ज’ ही जाहिरात आहे. पण ‘कर्ज’ हा शब्द अडवला तर कर्जमाफी न मिळालेला धान उत्पादक अडतो आणि बचतगटाच्या कर्जवसुलीचा जाच सांगणारी बाईही अडते. ‘वशीकरण’ अडवला तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार कशी करायची हे विचारणारा अडतो.

जाहिरात ओळखू येते ती वागणुकीवरून. ती एकच मजकूर पाच लेखांखाली चिकटवते. ती वाचकाला इथून दुसरीकडे ओढते, म्हणून तिच्यात लिंक किंवा नंबर असतो. वरच्या लेखाशी तिचं काही देणंघेणं नसतं. तो लेख बदलला तरी ती तशीच्या तशी चालते. टीका मात्र त्या लेखाला चिकटलेली असते. गुरुजींची प्रतिक्रिया शिष्यवृत्तीच्या माहितीखाली नेऊन ठेवली तर तिला अर्थच उरत नाही.

हे धरून आम्ही यादी नव्याने केली. आधी दुसऱ्या पेटीत असं होतं:

```
बाबा
कर्ज
नोकरी
```

आता पहिल्या पेटीत असं आहे:

```
बंगाली बाबा
वशीकरण
वशिकरण
vashikaran
पाच मिनिटांत कर्ज
```

एका ओळीत दोन-तीन शब्द लिहिले की ते त्याच क्रमाने, लागून आले तरच पकडले जातात. त्यामुळे बाबासाहेब सुटले आणि कर्जमाफीही सुटली. जाहिरातवाला दोन शब्दांत जागा सोडून किंवा शुद्धलेखन बदलून निसटतो, हे खरं आहे. निसटला तर हाताने काढतो. एक जाहिरात दिवसभर दिसली तर नुकसान थोडं. एक टीका कायमची पुसली तर नुकसान भरून येत नाही.

दोन किंवा जास्त लिंक असलेली प्रतिक्रिया थांबवायची, ही मूळचीच सोय आम्ही ठेवली. त्यात तीन शासन निर्णयांच्या लिंक देऊन आमची चूक दाखवणारा अभ्यासू माणूसही अडकतो. म्हणूनच ‘थांबवणं’ आणि ‘फेकणं’ यात फरक हवा. थांबलेली प्रतिक्रिया रोज संध्याकाळी पाळीपाळीने दोघं बघतात. वृत्तांत ज्याने लिहिला, त्याच्याकडे त्याखालच्या टीकेचा निर्णय द्यायचा नाही, एवढं एक बंधन घातलं आहे.

दुसरी पेटी आम्ही रिकामी ठेवली आहे. तिच्यात निदान जाहिरातवाल्यांचे फोन नंबर तरी टाकावेत, असं मला वाटलं होतं. मग मंडळातली एक कार्यकर्ती म्हणाली, “ताई, या नंबरवरून माझी फसवणूक झाली, सावध राहा, असं कुणी लिहिलं तर?” तिचं बरोबर होतं. नंबरही पहिल्या पेटीत गेले.

नवा शब्द टाकण्याआधीची चाचणीही साधी आहे. Comments च्या पानावरच्या शोधचौकटीत तो शब्द टाकायचा. हा शोधही शब्दाच्या पोटातली अक्षरं पकडतो, म्हणून त्या शब्दाने आजवर कोणकोण अडकलं असतं ते समोर येतं. मी ‘बाबा’ शोधून बघितलं असतं तर दहा सेकंदांत सावध झाले असते. शब्द टाकल्यावर खात्यातून बाहेर पडून, परक्याच्या फोनवरून एक प्रतिक्रिया लिहून बघायची.

ज्यांचं काम फेसबुक पेजवर चालतं त्यांनी Moderation Assist वापरताना थांबावं. प्रोफाइल फोटो नसलेल्यांच्या, मित्र नसलेल्यांच्या प्रतिक्रिया लपवण्याची सोय त्यात आहे. वरवर तटस्थ नियम. पण आमच्याकडे फोटो न लावणाऱ्या कोण? बहुतेक बाया आणि कॉलेजच्या मुली. मित्र नसलेला कोण? कालच ज्याच्या हातात फोन आला तो दरेकसाकडचा पोरगा. लपवलेली प्रतिक्रिया तिथे लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. त्यामुळे आपण बोललो आणि कुणी उत्तर दिलं नाही, एवढंच त्याला वाटतं.

जातिवाचक शिवी ही तिसरीच गोष्ट आहे. ती जाहिरात नाही आणि टीकाही नाही. ती लोकांपुढे राहू द्यायची नाही हे ठरलेलं, पण तिला कचरापेटीत टाकलं तर तीस दिवसांनी आपणच पुरावा नष्ट केलेला असतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम 3(1)(र) आणि (स) लोकांच्या नजरेसमोर झालेल्या अपमानाबद्दल आहे. तक्रार करायची तर मजकूर, वेळ, नाव आणि पत्ता लागतो. म्हणून शिव्यांचे शब्दही पहिल्या पेटीत. थांबलेल्या प्रतिक्रियेचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्यायचा, मूळ नोंद तशीच ठेवायची. शिवाय तो शब्द लिहिणारा दरवेळी शिवी देणाराच नसतो. ‘मला शाळेत या शब्दाने हाक मारायचे’ असं सांगणारा आपलाच माणूस असतो, आणि त्याला आपल्याच यादीने गप्प करायचं नाही.

1920 मध्ये ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. तिथे नकार देणारा माणूस तरी होता, त्याच्याशी भांडता आलं. आमच्या यादीने गुरुजींना नकारसुद्धा कळवला नव्हता.

गुरुजींची प्रतिक्रिया मी त्याच रात्री कचरापेटीतून परत काढली. खाली झालेली चूक लिहिली, आणि आठवड्याने वर्गणी-खर्चाच्या वहीची पानं टाकली. गुरुजींनी ती वाचली आणि पुन्हा लिहिलं: मंडपाच्या बिलावर सही नाही.

ही प्रतिक्रिया लगेच दिसली. सही घ्यायची अजून बाकी आहे.

जय भीम.