कोळवणचं खाचर आणि आमची टाकी

माझ्या शिफ्टला एक ऑपरेटर होते, कोळवणचे. आम्ही त्यांना मामाच म्हणायचो. ते घरचं भात सांभाळून नोकरी करत. कारखान्यातल्या सांडपाण्याच्या टाकीचा ऑटो कंट्रोल मी सुरू केला तेव्हा त्यांनी दोन दिवस तो पाहिला. तिसऱ्या रात्री मला न विचारताच त्यांनी तो मॅन्युअलवर टाकला. सकाळी ट्रेंड पाहिला, तर रात्रभर लेव्हल जवळजवळ सरळ होती. मामा तासातून एकदा व्हॉल्व्ह जरासा हलवत होते, बस्स. माझा ऑटो मात्र दिवसभर टाकी वरखाली झुलवत होता. पुढच्या टाकीत कधी धो धो पाणी जायचं, कधी नुसती धार. धो धो गेलं की तळाचा गाळ वर येऊन काठावरून ओढ्यात जायचा. तोच ओढा खाली कुणाच्या तरी शेतात जातो.

मी केलेली चूक सांगतो, कारण ती जवळपास प्रत्येक जण करतो. लेव्हल झुलते म्हणजे कंट्रोलर फार जोरात आहे, असं समजून मी गेन 1 वरून 0.5 केला. झोका अर्ध्या तासाऐवजी पाऊण तासाहून लांब झाला आणि विरायला आणखी वेळ लागू लागला.

मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "साहेब, खाचराच्या बांधाला वाट असते. पाऊस वाढला, पाणी चढलं, की वाटेतून आपोआप जास्त जातं. कुठंतरी थांबतंच. तुमच्या पंपाला काय, टाकी भरो नाहीतर आटो, तो ओढायचं तेवढंच ओढणार."

सगळी गोष्ट यातच आहे. खाचर स्वतःला सावरतं. पंपाने उपसली जाणारी टाकी सावरत नाही. आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी अगदी सारखं असेल तरच ती थांबते; थोडाही फरक असला की चढत किंवा उतरत राहते. म्हणून ट्यूनिंगचे नेहमीचे नियम इथे अडतात. 'व्हॉल्व्ह थोडा हलवा आणि प्रक्रिया नव्या जागी स्थिर होईपर्यंत थांबा,' असं ते सांगतात. इथे नवी जागाच नसते. झीग्लर आणि निकोल्स यांचे 1942 चे नियम प्रक्रियेच्या विलंबावर उभे आहेत. टाकीत विलंब सेकंदांचा, त्यामुळे गेन अवाढव्य येतो आणि इंटिग्रलचा वेळही सेकंदांतच. माझा 1 मिनिटाचा इंटिग्रल तर एका फ्लो लूपमधून तसाच उचललेला होता.

आता झोका का पडतो ते पाहू. टाकी पाण्यातला फरक साठवत जाते. कंट्रोलरचा इंटिग्रल लेव्हलची चूक साठवत जातो. साठवणाऱ्यापुढे साठवणारा. लेव्हल सेट पॉइंटवर परत येते तेव्हाही इंटिग्रलने जमवलेलं ओझं शिल्लक असतं. ते उतरायचं तर लेव्हलला पलीकडे जावंच लागतं. या दोघांना आवरणारा ब्रेक म्हणजे गेन. मी ब्रेकच ढिला केला होता.

मग टाकीचाच वेग मोजला. टाकी 10 घनमीटरची, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की ताशी 20 घनमीटर जाणार. लेव्हल स्थिर असताना व्हॉल्व्ह मॅन्युअलवर 50 वरून 40 टक्के केला आणि घड्याळ लावलं. लेव्हल दर तीन मिनिटांना एक टक्का चढू लागली. म्हणजे व्हॉल्व्हच्या एका टक्क्यामागे मिनिटाला 0.0333 टक्के. हा आकडा Ki. झोका नको असेल तर हिशेब असा:

```
Kc × Ki × Ti ≥ 4
```

Kc म्हणजे गेन, Ti म्हणजे मिनिटांतला इंटिग्रल वेळ. माझ्या जुन्या सेटिंगचा गुणाकार होता 0.033. चार कुठे आणि हा कुठे! गेन 2 ठेवला तर Ti निघतो 60 मिनिटं. एक मिनिटाच्या जागी साठ टाकताना माझा हात थबकला, हे कबूल करतो.

येणारं पाणी ताशी 2 घनमीटरने वाढलं, तर या सेटिंगवर लेव्हल साधारण अर्ध्या तासात पावणेचार टक्के चढते आणि मग सावकाश परत येते. टाकीला ते चालतं, आणि पुढच्या टाकीला धक्का बसत नाही. गेन आणखी वाढवला असता तर लेव्हल अधिक ताठ राहिली असती, पण पाण्याच्या हिंदकळण्यानेच व्हॉल्व्ह थरथरला असता. लेव्हल एका रेषेत ठेवायची हौस इथे कामाची नाही. टाकी आहेच पाण्याची चढउतार पोटात घ्यायला.

ट्रेंड पाहून रोग ओळखता येतो. झोक्याचा काळ Ti पेक्षा कितीतरी पट लांब असेल, तर गेन कमी करू नका. आधी Ti वाढवा. माझा झोका चौतीस मिनिटांचा होता आणि Ti एक मिनिट. ट्रेंड ओरडून सांगत होता, मला वाचता येत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात झोका परत आला. मी वही काढून गुणाकार तपासायला बसलो, तोवर मामा व्हॉल्व्हजवळ जाऊन आले. म्हणाले, "अडकतोय हो." स्क्रीनवर पाहिलं तर कंट्रोलरचा आउटपुट सरकत होता, प्रवाह मात्र जागच्या जागी, आणि मग एकदम उडी. यावर आकड्यांचा इलाज नाही. ग्लँडचं पॅकिंग फार आवळलं गेलं होतं. ते बदललं, आणि 2 आणि 60 तसेच राहू दिले.