वीसची रेघ

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या मुलामुलींना औषध देण्याचे पाच नियम लवकर पाठ होतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. सगळ्यांनी ते न अडखळता म्हणून दाखवले, की मी प्रत्येकाच्या हातात एक कागद देते. त्यावर सकाळच्या औषधांच्या राउंडचं वर्णन असतं. यात एक चूक आहे, ती शोधा, एवढंच सांगते.

कागदावर असं असतं: पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, सकाळचे साडेसात. बारा नंबरच्या खाटेवर अठ्ठावन्न वर्षांचे, मधुमेह असलेले काका. डॉक्टरांची ऑर्डर, 30/70 इन्सुलिन, 20 युनिट, त्वचेखाली, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. सिस्टर काकांना पूर्ण नाव विचारते आणि ते मनगटावरच्या पट्टीशी आणि केस पेपरशी ताडून बघते. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजते, ती 186 भरते. मग फ्रिजमधून बाटली काढते. ही बाटली काकांच्या मुलाने आदल्या संध्याकाळी मेडिकलमधून आणलेली. लेबलवर 30/70, 100 आययू प्रति मिलि. मुदत संपायला अजून वर्ष आहे. गढूळ औषध एकसारखं व्हावं म्हणून ती बाटली तळहातांत हलकेच फिरवते. वॉर्डातली लाल टोपणाची इन्सुलिन सिरिंज उघडून वीसच्या रेघेपर्यंत औषध भरते, बुडबुडा काढते. बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब, कातडीची चिमूट धरून टोचते. चार्टवर वेळ लिहून सही करते. आठला येणारी नाश्त्याची गाडी सव्वाआठला येते.

पहिला हात वर होतो तो नाश्त्यासाठी. "मॅडम, नाश्ता उशिरा आला." खरं आहे. 30/70 मधला तीस टक्के भाग लवकर काम करणारा असतो, त्यामुळे टोचल्यावर खाणं लांबलेलं चालत नाही. पण पंधरा मिनिटांच्या उशिराने पुढे जे घडणार आहे त्याचा उलगडा होत नाही. कोणी म्हणतं, साखर 186 असताना इन्सुलिन द्यायलाच नको होतं. तेही नाही, ऑर्डर ठीक आहे. मग वर्ग शांत होतो, कारण पाचही नियमांपुढे बरोबरची खूण करता येते. रुग्ण तोच, औषध तेच, मार्ग तोच, वेळ जवळपास तीच, आणि मात्रा? ऑर्डर वीसची, सिरिंज वीसच्या रेघेवर.

चूक त्या रेघेतच आहे. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळतं. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असणारं, आणि 100 युनिट असणारं. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या. लाल टोपणाची 40 साठी, नारिंगी टोपणाची 100 साठी. सिरिंजवरची रेघ मुळात मोजते ते द्रवाचं आकारमान; तिच्यापुढे लिहिलेला युनिटचा आकडा खरा ठरतो तो फक्त तिच्या जोडीच्या बाटलीसाठी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. 40 च्या बाटलीतून अर्धा मिलिलिटर घेतलं तर 20 युनिट होतात. 100 च्या बाटलीतून तेवढंच घेतलं तर 50. काकांना अडीच पट इन्सुलिन गेलं आहे.

साडेदहाच्या सुमाराला काका घामाने भिजतील, हात थरथरतील, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतील. साखर 42 दिसेल. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची, डॉक्टरांना कळवायचं आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा बघायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज. इथे मुलं सुटकेचा श्वास टाकतात, आणि इथेच मी त्यांना थांबवते. टोचलेल्या 50 युनिटपैकी सत्तर टक्के, म्हणजे 35 युनिट, सावकाश काम करणारं इन्सुलिन आहे. ते दुपारी, संध्याकाळी, कदाचित रात्रीही साखर खाली ओढत राहील. एकदा साखर 110 दिसली म्हणून या रुग्णावरचं लक्ष काढता येत नाही. पुढच्या पाळीला तोंडी आणि लेखी दोन्ही सांगावं लागतं.

उलटी चूक जास्त फसवी असते. बाटली 40 ची आणि सिरिंज नारिंगी टोपणाची. तिथे वीसची रेघ म्हणजे 0.2 मिलिलिटर, आणि रुग्णाला मिळतात जेमतेम 8 युनिट. कोणी कोसळत नाही. साखर चढीच राहते, डॉक्टर मात्रा वाढवत नेतात, 24, 30, 36. मग एके दिवशी वेगळी सिस्टर योग्य सिरिंज घेते, ऑर्डरप्रमाणे पुरते 36 युनिट देते, आणि साखर एकदम कोसळते. त्या दिवशी बोट तिच्याकडे दाखवलं जातं, जिने बरोबर केलं. म्हणून मात्रा वाढवूनही साखर हलत नसेल, तर पुढची वाढ करण्याआधी बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून बघावी.

पाच नियमांबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच. त्यांतला प्रत्येक नियम म्हणजे ताडून पाहण्याची कृती आहे, आणि काय कशाशी ताडायचं हे माहीत नसेल तर खूण नुसतीच होते. रुग्णाला "तुम्ही पाटील ना?" असं विचारलं तर कमी ऐकू येणारे आजोबाही मान डोलावतात, नाव त्यांच्या तोंडून यायला हवं. मात्रेच्या बाबतीत ताडायच्या गोष्टी तीन आहेत: ऑर्डर, बाटली आणि सिरिंज. कागदावरच्या सिस्टरने दोनच पाहिल्या. तिने दुसऱ्या सिस्टरला हाक मारून "बघ गं, वीस आहे ना?" असं विचारलं असतं, तरी उत्तर "हो" असंच आलं असतं. दुसऱ्या व्यक्तीच्या हातात बाटली, रिकामी सिरिंज आणि ऑर्डर द्यावी, आणि रेघ तिला स्वतःहून सांगू द्यावी. तरच ती तपासणी.

तरीही सगळा भार एकट्या सिस्टरच्या डोळ्यांवर टाकणं मला पटत नाही. साडेसातला तीस-चाळीस रुग्ण सांभाळणारा माणूस लेबलावरचा बारीक आकडा कधीतरी चुकवणारच. ती चूक आदल्या संध्याकाळीच वॉर्डात आली होती, बाटली न बघता फ्रिजमध्ये गेली तेव्हा. वॉर्डात एकाच तीव्रतेचं इन्सुलिन ठेवावं. बाहेरून आलेली बाटली घेतानाच तिच्यावरचा आकडा वाचावा. तो वेगळा असेल तर तिच्यासोबत तिच्या जोडीच्या सिरिंज एकाच पिशवीत ठेवाव्यात, आणि जोडीची सिरिंज नसेल तर मनातल्या मनात गणित करून दुसरी वापरू नये, मागवून घ्यावी.

हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरात आई, वडील किंवा स्वतः वाचक इन्सुलिन घेत असतील. दुकान बदललं, कंपनी बदलली, किंवा गावाला गेल्यावर तिथून बाटली घेतली, तर बाटलीवर 40 आहे की 100 ते वाचा आणि सिरिंजवरही तोच आकडा आहे का ते बघा. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर ते इंजेक्शन देऊ नका.