लिंक उघडली असेल तर आधी फोन करा

पगाराच्या आठवड्यात आमच्या कंपनीत ‘सुधारित पगारपत्रक’ नावाचा मेल फिरू लागला. पाठवणाऱ्याच्या जागी अकाउंट्समधल्या एका ताईंचं नाव होतं आणि पत्ताही खराखुरा त्यांचाच. कुणी त्यांच्या नावाने दुसरीकडून मेल पाठवत नव्हतं, त्यांचं खातंच परक्याच्या हातात गेलं होतं. कंपनीतली आयटी मी सांभाळतो. ताईंना लगेच माझ्या टेबलाशी बोलावून घेतलं.

तेवढ्यात एका सहकाऱ्याने उलट मेल टाकला, ‘ताई, हे तुम्हीच पाठवलंय ना?’ दोन मिनिटांत त्याला ताईंच्या खात्यातून उत्तर गेलं, ‘हो, उघडा, आजच बघायचंय.’ ताई तर माझ्यासमोर उभ्या होत्या! म्हणून सावधगिरीची सूचना मी मेलवर दिलीच नाही. आत बसलेल्या माणसाने ती वाचली असती आणि ‘मी खात्री केली आहे, लिंक ठीक आहे’ असं सगळ्यांना कळवूनही टाकलं असतं. सूचना कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली:

‘“सुधारित पगारपत्रक” हा मेल खोटा आहे. लिंक उघडू नका, पुढे पाठवू नका, त्या मेलला उत्तरही देऊ नका. उघडली असेल तर आत्ता मला फोन करा. पासवर्ड टाकला होता का आणि मोबाइलवर मंजुरी दिली होती का, एवढंच सांगा. कुणालाही बोलणी बसणार नाहीत.’

शेवटचं वाक्य टाकण्याआधी मी साहेबांची परवानगी घेतली होती, कारण बोलणी बसतील या भीतीने माणूस गप्प राहिला की आतल्या चोराला तेवढे तास फुकट मिळतात. सोबत मेलचा फोटो टाकला, लिंक मात्र नाही. ग्रुपवर लिंक चिकटवली की घाईत कुणाचं तरी बोट तिच्यावर पडतंच.

लिंकचा पत्ता साधारण असा होता:

```
https://login.microsoftonline.com.payslip-view.example/signin
```

सुरुवातीचं ओळखीचं नाव पाहून माणूस निर्धास्त होतो. पण `https://` नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेपाशी थांबून मागे वाचायचं. रेघेच्या लगेच आधीचं `payslip-view.example` हाच खरा मालक. त्याच्या डावीकडे त्याला हवं ते लिहिता येतं.

ताईंनी त्या पानावर पासवर्ड टाकला होता आणि मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटरमध्ये आकडा भरून मंजुरीही दिली होती. ‘मग मी पासवर्ड बदलते की,’ त्या म्हणाल्या. तो बदलायचाच होता, पण तेवढ्याने भागत नाही. असं खोटं पान मधल्या दलालासारखं काम करतं. आपण भरलेलं सगळं खऱ्या साइटला देतं आणि लॉगिन झाल्यावर मिळणारी सेशन कुकी स्वतःकडे ठेवून घेतं. ती हातात असली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि मंजुरीही. म्हणून ॲडमिनच्या पानावरून आधी ताईंचं लॉगिन बंद केलं, पासवर्ड बदलला आणि `Revoke sessions` दाबून सगळीकडची सेशन रद्द केली. आधी दिलेला एखादा टोकन त्यानंतरही तासभर चालू शकतो, त्यामुळे लॉगिनच्या नोंदींवर नजर ठेवून होतो.

मग ऑथेंटिकेटरची यादी पाहिली. ताईंच्या फोनखेरीज आणखी एक फोन तिथे जोडलेला होता. तो राहून गेला असता तर नव्या पासवर्डनंतरही चोराला परतायला एक वाट उरली असती. तो काढला. आउटलुकच्या नियमांत नुसतं एक टिंब हे नाव दिलेला नियम सापडला. विषयात ‘पगारपत्रक’ किंवा ‘invoice’ असलेला प्रत्येक मेल वाचलेला ठरवून `RSS Feeds` या फोल्डरमध्ये टाकायचा. त्या फोल्डरकडे कोण बघतं? सहकाऱ्याचा तो प्रश्न तिथेच पडला होता.

एव्हाना माझा फोन वाजत होता. नुसती लिंक उघडून पान बंद केलेल्यांचं ब्राउझर अद्ययावत आहे आणि काही डाउनलोड झालेलं नाही, एवढं बघून घेतलं. त्यांना धोका कमी होता. पासवर्ड टाकलेल्यांच्या खात्यांवर ताईंसारखीच सगळी कारवाई केली. एकाने तोच पासवर्ड स्वतःच्या खासगी मेललाही ठेवला होता, तोही बदलायला लावला. बँकेचे तपशील कुणी दिले नव्हते. दिले असते तर ताबडतोब बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला फोन करायला सांगितलं असतं, कारण पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले तरच येतात. सर्ट-इनला मात्र आम्ही त्याच दिवशी कळवलं. २०२२च्या निर्देशांनुसार कंपनीला अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते.

‘invoice’ शब्दाने मला अस्वस्थ केलं. चोराचा डोळा पगारपत्रकावर नव्हता, बिलांवर होता. ताईंच्या मेलमधून एखाद्या ग्राहकाला ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असं गेलं असतं तर पैसे थेट दुसरीकडे गेले असते. पाठवलेल्या आणि डिलीट केलेल्या मेलमध्ये तसं काही दिसलं नाही, पण तेवढ्यावर विसंबायचं नव्हतं. ताईंनी जुनी छापील बिलं काढली आणि त्यावरच्या नंबरांवर एकेका ग्राहकाला फोन करून सांगितलं, ‘आमचा खाते क्रमांक बदललेला नाही. तसा मेल आला तर पैसे पाठवायच्या आधी मला याच नंबरवर विचारा.’