कार्डावरचं ‘थांबा’

स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं की घरात पहिलं वाक्य उमटतं ते बहुधा ‘मावशी, जरा बघा ना’. या ‘बघा’मध्ये काय बघायचं, कशाने, कुठवर, यातलं काहीच सांगितलेलं नसतं. घाणेरडं पाणी काठापर्यंत आलेलं, खरकटी भांडी त्यात अर्धी बुडालेली आणि भांडी घासायला आलेल्या बाईला पुढच्या घरी वेळेवर पोचायचं असतं. मग ती हाताला लागेल ते घेते. सुरीचं टोक, उलथन्याची दांडी किंवा गॅलरीतली पक्कड. या सगळ्याच्या जागी सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला एक साधं कार्ड चिकटवलेलं असावं, हे बहुतेकांना पटेल. प्रश्न आहे तो त्यावर काय लिहावं याचा. माझं म्हणणं असं, की अशा कार्डाची किंमत त्यातल्या कृतीवरून ठरत नाही, ते कुठे ‘थांबा’ म्हणतं यावरून ठरते. कृती थोडी चुकली तर दहा मिनिटं वाया जातात. थांबायची जागा चुकली तर हात भाजतो, नळी फुटते आणि दोष नेमका जिच्याकडे सगळ्यांत कमी माहिती होती तिच्यावर येतो.

आधी सिंकखाली काय असतं ते पाहू. वर जाळी. जाळी ज्यात बसते ते वेस्ट कपलिंग. त्याखाली एक नळी, आणि बऱ्याच घरांत त्या नळीला जोडलेला बाटलीच्या आकाराचा ट्रॅप, ज्याच्या तळाशी फिरवून काढता येणारी वाटी असते. या वाटीत पाणी कायम साचून राहतं आणि ते तसं राहावं म्हणूनच ती असते. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीने शौचकूपाच्या नळीला वाक देऊन त्यात पाणी अडवण्याच्या रचनेचं पेटंट घेतलं. आपल्या सिंकखालचा ट्रॅपही त्याच तत्त्वावर चालतो. साचलेलं पाणी गटाराचा वास आणि झुरळं दोन्ही वर येऊ देत नाही. पण पाणी जिथे संथ होतं तिथेच गाळही बसतो. मराठी घरातल्या सिंकमध्ये उतरतं तरी काय? तव्यावरचं तेल, तुपाचा ओशटपणा, परातीला चिकटलेली कणीक, भाताची शितं, चहाचा चोथा. गरम असताना पातळ वाहणारं तूप वाटीतल्या गार पाण्यावर थिजतं, त्याला पीठ चिकटतं, पिठाला चोथा. थर एका दिवसात होत नाही, पण पाणी अडतं ते मात्र एका सकाळी.

म्हणून कार्डाची पहिली ओळ मदतनीस बाईसाठी नसावी, घरमालकासाठी असावी: ‘या सिंकमध्ये पावडर किंवा ॲसिड टाकलं आहे का? हो / नाही.’ पुढे तारीख आणि वेळ. नळ्या मोकळ्या करण्याच्या पावडरींत सहसा कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात पडताच तो तापतो, चरबी विरघळवतो आणि तितक्याच सहजपणे कातडीही जाळतो. आदल्या रात्री कुणी पुडी रिकामी केली, पाणी उतरलं नाही, सगळे झोपले. सकाळी जी वाटी उघडते तिचा चेहरा ट्रॅपच्या खाली असतो आणि ते पाणी तिच्या मनगटावर, कदाचित डोळ्यांत पडतं. वरून पाहिलं तर ते नेहमीच्या मळक्या पाण्यासारखंच दिसतं, त्यामुळे ओळखण्याची जबाबदारी तिच्यावर टाकताच येत नाही. हे ज्याने पावडर टाकली त्यालाच ठाऊक असतं. उत्तर ‘हो’ असेल, किंवा कुणाला आठवतच नसेल, तर पुढचं काही वाचायचं नाही. थांबा. वाटी उघडू नका, रबरी पंप मारू नका, दुसरं काही ओतू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. अंगावर उडालंच तर वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरा आणि डॉक्टरकडे जा. ही ओळ कार्डावर नसेल तर बाकीचं कार्ड न लावलेलंच बरं.

उत्तर ‘नाही’ असेल तर सुरुवात जाळीपासून करावी, कारण कित्येकदा अडथळा तिथेच असतो. साचलेलं पाणी आधी मगाने बादलीत काढायचं. त्याशिवाय ओतलेलं गरम पाणी जाळीपर्यंत पोचतच नाही. मग जाळीच्या काठाभोवती भांड्यांचा साबण लावून, हात सोसेल इतकंच गरम पाणी ओतून दहा मिनिटं थांबायचं. उकळतं पाणी नको, कारण प्लास्टिकची नळी त्याने मऊ पडते आणि सांधा वाकतो. सुटी जाळी अडकते ती काठावर थिजलेल्या तेलाने. ती सरळ वर ओढली तर हलत नाही. आधी डावी-उजवीकडे थोडी फिरवून चिकटा सोडवला की अलगद उचलली जाते. सुरी घालून उचकटलं तर पातळ पत्र्याची कड वाकते आणि तीच जाळी पुढे रोज अडकते. काही घरांत मात्र जाळी सुटी नसते, तिच्या मधोमध एक स्क्रू असतो. तो उघडण्याचा मोह होतो. पण बऱ्याच कपलिंगांत वरचा आणि खालचा भाग तोच स्क्रू आवळून धरतो. तो सुटला की सिंकखाली गळती सुरू होते. कार्डावर त्या स्क्रूवर फुली हवी.

जाळी निघाली आणि पाणी गेलं, तर काम संपलं. जाळी निघूनही पाणी उभंच राहिलं, तर अडथळा खाली आहे. हातमोजे घालायचे, वाटीखाली रुंद टब ठेवायचा आणि वाटी फिरवायची. इथे एक गोष्ट अशी आहे, जी तोंडी सांगताना जवळजवळ नेहमी निसटते. बरणीचं झाकण वर असतं, ही वाटी खाली असते; म्हणून ती सुटते उलट्या बाजूने. सिंकसमोर बसलेल्या बाईला वाटीची जी बाजू दिसते, ती उजवीकडून डावीकडे सरकायला हवी. बरणीच्या सवयीने हात डावीकडून उजवीकडे जोर लावतो, वाटी अधिकच आवळली जाते, मग पक्कड येते आणि प्लास्टिकचे आटे तुटतात. कार्डावर बाणाचं एक चित्र असेल तर हा सगळा प्रकार टळतो. बाणाखाली दुसरी थांबण्याची जागा: ‘रबरी मोजे घालून हाताने फिरली तरच. नाही फिरली तर थांबा.’ हाताने न सुटणारी वाटी हे प्लंबरचं काम आहे. त्याच्या मजुरीपेक्षा फुटलेला ट्रॅप महाग पडतो.

आता एक प्रसंग मनाशी धरून हे सगळं लावून पाहू. दिवाळीचे दिवस आहेत, आदल्या दिवशी तुपातलं तळण झालं आहे, पहाटे थंडी आहे आणि सकाळी पाणी उतरत नाही. पावडर टाकलेली नाही. जाळी निघाली, पाणी हललं नाही. वाटी फिरवली, टबात पाणी पडलं आणि वाटीत पांढुरका, मेणासारखा गोळा निघाला. तो ओल्या कचऱ्यात टाकायचा. वाटी धुवायची ती बाथरूममध्ये. त्याच सिंकचा नळ सोडला तर पाणी उघड्या ट्रॅपमधून थेट पायांवर येईल, आणि ही चूक फार सहज होते. वाटीच्या काठावरचं रबरी वॉशर गाळाबरोबर फेकलं गेलं नाही ना हे पाहायचं, ते पुसून पुन्हा सपाट बसवायचं, वाटी हातानेच आवळायची. मग खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, सिंक अर्धं भरायचं आणि एकदम सोडायचं. कागद कोरडा राहिला तर सांधा बसला. वाटीत पाणीही आपोआप भरलं. पण समजा, वाटी स्वच्छच निघाली, किंवा धुऊन बसवल्यावरही पाणी उभंच राहिलं, किंवा सिंक सोडताच जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपमधून पाणी वर आलं, तर अडथळा पुढच्या लाइनमध्ये आहे. ही तिसरी थांबण्याची जागा. इथून पुढे घरातल्या कुणाच्याच हाताचं काम नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: हे मुळात मदतनीस बाईचं काम आहे का? भांडी घासण्याचा पगार ठरला, ट्रॅप उघडण्याचा नव्हे. महाराष्ट्रात २००८ सालापासून घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आहे. कामगार म्हटलं की काम कोणतं आणि त्यात धोका काय, हे आधी सांगणं आलंच. कार्ड हा तिच्यावर नवं काम ढकलण्याचा परवाना होता कामा नये. म्हणून त्यावर स्पष्ट लिहावं की ट्रॅप उघडणं ऐच्छिक आहे, त्याचे वेगळे पैसे आहेत आणि नाही म्हटलं तरी चालेल. जाळीपर्यंतचं काम रोजच्या घासण्यात येतं. वाटीपासूनचं येत नाही. दुसरा आक्षेप असा, की तिला वाचता येत नसेल, किंवा तिची भाषा वेगळी असेल. मग चित्रं काढा, आणि एकदा समोर बसून दाखवा. आपल्याच सिंकखालचा फोटो छापून त्यावर बाण आणि फुल्या काढल्या तर आणखी चांगलं, कारण काही घरांत वाटीचा ट्रॅप नसतोच. नळी सरळ नहाणी ट्रॅपमध्ये जाते आणि तिथे दुसऱ्या घरचं कार्ड दिशाभूलच करील. तिसरा आक्षेप, एवढ्याशा गोष्टीला कार्ड कशाला, तोंडी सांगता येतं. येतं, पण तोंडी सांगताना आपण कृती सांगतो, मर्यादा विसरतो. शिवाय तोंडी सूचनेचा पुरावा उरत नाही. नळी फुटली की ‘मी असं सांगितलंच नव्हतं’ हे म्हणणं मालकाला सोपं जातं. ‘पक्कड नको’ हे लिहिलेलं असेल, तर ते दोघांनाही बांधून ठेवतं.

तेव्हा कार्ड लिहायला बसाल तेव्हा तीन ‘थांबा’ आधी, लाल आणि मोठ्या अक्षरांत लिहा: पावडर टाकली असेल तर, वाटी हाताने फिरत नसेल तर, वाटी स्वच्छ असूनही पाणी अडत असेल तर. कृती त्यानंतर, मावेल तेवढी. तळाला प्लंबरचा फोन नंबर, आणि त्याला बोलावण्याचा निर्णय तिने घेतला तरी चालेल ही एक ओळ. आणि पावडरीच्या चौकटीत खूण मात्र रोज रात्री तुम्ही स्वतः करा.