दिवा हिरवा, ढोल मुका

शनिवार, 13 जुलै 2024
करी रोड. शेजारच्या काकांनी भाच्याचा जुना सबवूफर आणून रिसीव्हरला जोडलाय. दिवा हिरवा, पण खर्ज शून्य. दिव्यावरून एवढंच कळतं की वीज पोचली आणि पेटी जागी आहे. सिग्नल पोचतोय की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून सबवूफरचा आवाज अगदी कमी केला, केबलचं रिसीव्हरकडचं टोक काढलं आणि मधल्या पिनेला बोट लावलं. एरवी ‘हम्म’ असा गुरगुराट यायला हवा. आला नाही. डीव्हीडी प्लेअरची पिवळी केबल लावून तेच केलं, तर लगेच गुरगुरला. म्हणजे पेटी ठीक, केबल तुटकी. कपाटाखाली दबून प्लगापाशी तार तुटली होती.
रिसीव्हरच्या मेनूतही `Subwoofer: No` होतं, ते `Yes` केलं. ते तसंच राहिलं असतं तर नव्या केबलनेही काही झालं नसतं.

रविवार, 14 जुलै
आवाज आला, पण पोकळ. मागचं क्रॉसओव्हरचं बटण 50 हर्ट्झवर होतं. रिसीव्हर पुढच्या स्पीकरना 80 च्या खालचे स्वर देतच नाही, ते सबवूफरकडे पाठवतो. आणि सबवूफर 50 च्या वरचे दाबून टाकतो. मधला पट्टा कोणाच्याच वाट्याला येत नव्हता. वाटणी रिसीव्हर करत असेल तर हे बटण शेवटपर्यंत फिरवायचं. साध्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाटणीची सोयच नसते. तिथे मात्र ते पुढच्या स्पीकरचा खर्ज जिथे ओसरतो त्याच्या आसपास लावावं.

बुधवार, 17 जुलै
आषाढी एकादशी. काकांनी अभंग लावले. पखवाजाची धुम तरीही दबलेलीच. आता फेजचा स्विच. 80 हर्ट्झची लाट हवेत सुमारे 4.3 मीटर लांब. सबवूफर आणि स्पीकर यांच्या आवाजाला कानापर्यंत पोचताना साधारण 2 मीटरचा फरक पडला, तर एकाचा दाब आणि दुसऱ्याची ओढ एकाच वेळी येऊन दोन्ही एकमेकांना खातात. काका नेहमीच्या खुर्चीत बसले, मी स्विच 0 वरून 180 वर नेला. ‘आत्ता भरला आवाज!’ तोच ठेवला. पेटी किंवा खुर्ची हलली की पुन्हा बघावं लागेल.
हा स्विच शेवटी तपासण्याचं कारण असं की, त्याचा फरक दोघांचे स्वर एकत्र येतात त्या पट्ट्यातच जाणवतो. सगळाच खर्ज गायब असेल तर दोष फेजचा नसतो. आणि चांगल्या केबलवर बोट लावूनही गुरगुर नसेल, तर सरळ दुरुस्तीवाल्याकडे: आतला अ‍ॅम्प्लिफायर किंवा कोनाची कॉइल गेलेली असते.